काडीवरचे आकडे आणि डेमो लेन्सवरचं स्टिकर

पुण्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर साडेनऊला वर जातं. माझं टेबल मागच्या खोलीत, फिटरकाकांच्या मशीनशेजारी. नव्या फ्रेम ऑनलाइन विक्रीला लावण्याआधी त्यांची माहिती लिहिणं हे माझं काम. गिऱ्हाइकाला फ्रेम नाकावर चढवून बघता येत नसते, म्हणून मी लिहिलेल्या चार ओळींवरच त्याला पैसे मोजायचे असतात.

दहाच्या सुमारास पहिला खोका उघडतो. आज वर काळी ॲसिटेटची फ्रेम आहे, काडीच्या आतल्या बाजूला छापलंय ५२, मग छोटा चौकोन, मग १८ आणि पुढे १४०. लेन्सची रुंदी ५२ मिलिमीटर, दोन लेन्समधलं अंतर म्हणजे ब्रिज १८, काडीची लांबी १४०. छापलेलं तसंच उतरवून घेणं सोपं असतं, पण मी मोजल्याशिवाय लिहीत नाही. स्वस्त मालात एकच साचा वापरून दोन मापांच्या काड्या लावलेल्या सापडतात.

मोजण्यातही एक मेख आहे. कॅलिपर रिमच्या आतल्या कडांना लावला तर माप साधारण मिलिमीटरभर कमी येतं, कारण लेन्स रिमच्या खाचेत दोन्ही बाजूंनी थोडी आत शिरलेली असते. या फ्रेमचं आतलं माप ५१ आलं आणि रिम ते रिम अंतर १९. खाचेतला भाग धरला की तेच ५२ आणि १८ होतात. शंका उरली तर डेमो लेन्स बाहेर काढून तिचीच रुंदी घ्यायची. माप आडवंच हवं, लेन्सभोवती काटकोनी चौकट कल्पून तिच्या दोन उभ्या बाजूंमधलं. तिरकं घेतलं की आकडा फुगतो. बिजागरी ते बिजागरी अशी पुढच्या भागाची पूर्ण रुंदीही मी लिहिते. ती काडीवर छापलेली नसते, पण फ्रेम कानशिलांना दाबणार की नाही हे तिच्यावरून कळतं.

अकरानंतर फोन सुरू होतात. आज एका मुलीने विचारलं, "ताई, माझी जुनी फ्रेम ४८-१८ आहे आणि तुमच्याकडची ५४-१६ आवडलीये. घेऊ ना?" नंबर दोन्ही डोळ्यांना उणे पाच, दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी ६२. मी कागदावर मांडून दाखवावं तसं तिला सांगितलं. नव्या फ्रेममध्ये ५४ आणि १६ मिळून ७०. त्यातून ६२ गेले, ८ उरले, म्हणजे प्रत्येक लेन्सचा मध्य नाकाकडे ४ मिलिमीटर सरकवावा लागणार. तिथून कानाकडची कड २७ अधिक ४, म्हणजे ३१ मिलिमीटरवर. जुन्या फ्रेममध्ये बेरीज ६६, सरकणं २, आणि कड २६ मिलिमीटरवर. उणे नंबरची लेन्स मध्यापासून जितकी लांब जाईल तितकी जाड होते. साध्या १.५ इंडेक्सच्या लेन्समध्ये जुन्या फ्रेमची कड मध्यापेक्षा सुमारे ३.४ मिलिमीटर जाड भरते, नव्या फ्रेमची जवळपास ४.८. ही जाडी बाहेरून दिसते आणि चष्म्याचं वजनही वाढतं. शिवाय ॲसिटेटच्या फ्रेमला नाकावरचे हलणारे पॅड नसतात, त्यामुळे १८ च्या सवयीच्या नाकाला १६ चा ब्रिज घट्ट बसू शकतो. धातूच्या फ्रेमला पॅड असतात, ते वाकवून थोडंफार जुळवता येतं. म्हणून जाड नंबर असलेल्यांना मी बेरीज आणि पीडी यांत कमी फरक असलेली फ्रेम सुचवते. तिने ५० ची घ्यायची ठरवलं.

दुपारी एकपर्यंत मटेरियलचा रकाना भरायचा. इथे मी पुरवठादाराच्या बिलावर लिहिलेलंच धरते, हाताला काय जाणवतं ते नाही. टीआर-९० हे लवचीक नायलॉन आहे. ते वाकून परत येतं, पण म्हणूनच गरम करून त्याची काडी जुळवणं अवघड जातं. ॲसिटेट गरम हवेने नरम होतं आणि दिलेला आकार धरतं. आजच्या खोक्यात एका फ्रेमवर ‘मेमरी टायटॅनियम’ असं लेबल होतं. मालक म्हणाले, "टायटॅनियम आणि निकेलमुक्त असं टाक, ॲलर्जीवाले घेतील." मी नको म्हटलं. वाकवून सोडली की पूर्ववत होणारी अशी फ्रेम बहुधा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते आणि त्यात साधारण निम्मं निकेल असतं. लोहचुंबकानेही हे ओळखता येत नाही, कारण टायटॅनियम त्याला चिकटत नाही तसा हा मिश्रधातूही चिकटत नाही. ज्याच्या कानामागे निकेलने पुरळ उठतं त्याच्यासाठी ‘निकेलमुक्त’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मी लिहिलं, "निकेल-टायटॅनियम मिश्रधातू. निकेलची ॲलर्जी असल्यास घेऊ नये." मालकांनी वाचलं आणि मान हलवली.

जेवणानंतर दोन ते साडेचार एकच रकाना: लेन्स प्रोटेक्शन. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ याच्यावर जातो आणि जायलाच हवा.

सकाळच्या काळ्या फ्रेमच्या डेमो लेन्सवर ‘यूव्ही ४००’चं चकचकीत स्टिकर आहे. ती लेन्स फ्रेमचा आकार टिकावा म्हणून बसवलेली साधी प्लास्टिकची चकती. नंबरची लेन्स घासून बसवताना फिटरकाका ती काढून टाकतात. मग ‘ही फ्रेम अतिनील किरणांपासून वाचवते’ असं मी कशाच्या आधारावर लिहू? संरक्षण असतं ते लेन्सला, फ्रेमला नव्हे. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात हा दावा, आणि तो त्या त्या लेन्सच्या कागदपत्रावरूनच करता येतो. काच गडद आहे म्हणून संरक्षण आहे, असंही नाही. रंग आणि यूव्ही गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्लू कटबद्दल तर आणखी जपून. लेन्ससोबत निळा टॉर्च आणि कार्ड येतं, लेन्समधून टॉर्च मारला की कार्डावर डाग उमटत नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं डोळे वाचले. त्या टॉर्चचा प्रकाश सुमारे ४०५ नॅनोमीटरचा असतो, तर एलईडी पडद्याच्या निळ्या प्रकाशाचा जोर ४५० च्या आसपास. एक अडला म्हणजे दुसरा अडला असं होत नाही. २०२३ साली कॉक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा लेन्समुळे पडद्यासमोरचा डोळ्यांचा ताण साध्या लेन्सपेक्षा कमी होतो असं दिसलं नाही. म्हणून ‘डोकेदुखी थांबते’, ‘झोप सुधारते’ ही वाक्यं मी लिहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत आणि दाव्याला आधार दाखवता यावा लागतो.

पाच वाजता मजकूर पक्का झाला: "किंमत फक्त फ्रेमची. सोबतची डेमो लेन्स वापरण्यासाठी नाही, तिच्याकडून यूव्ही संरक्षण मिळेल असं समजू नये. नंबरची लेन्स वेगळी घ्यावी. तिच्या कोटिंगची माहिती लेन्सच्या पानावर आहे. हार्ड कोटिंग असलेली लेन्स ओरखडे कमी धरते, पण ओरखडे पडतच नाहीत असं नाही." पॉलिकार्बोनेटसाठीही ‘न फुटणारी’ हा शब्द काढून ‘आघात सहन करणारी’ असा केला.

सहाला शेवटचा फोटो चढवते, काडीवरचे आकडे स्पष्ट दिसतील असा. तुम्ही ऑनलाइन फ्रेम घेणार असाल तर आधी तुमच्या जुन्या चष्म्याच्या काडीवरचे तीन आकडे लिहून घ्या, पीडी मोजून घ्या आणि ‘प्रोटेक्शन’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर विक्रेत्याला विचारा, ते कोणत्या लेन्सचं.