पाच जण, दहा मिनिटं

पाच जण, दहा स्लाइड्स, प्रत्येकाला दोन. वाटणी सरळ दिसते, पण इथेच गडबड होते. स्लाइड कुणी बनवली आणि बोलणार कोण, याचा मेळच बसत नाही.

समजा, विषय आहे सोसायटीतला ओला-सुका कचरा. वेळ दहा मिनिटं. बोलण्यासाठी नऊ धरा, एक मिनिट माणसं बदलण्यात जातं. धीट मुलगा दीड मिनिटात विषय मांडेल. बोलायला घाबरणारी मुलगी घरोघरी फिरली होती. तिने लगेच त्याच्यानंतर दीड मिनिट, एका घरातला स्वतः पाहिलेला प्रसंग सांगावा. पाहिलेलं सांगायला पाठांतर लागत नाही. कचरा तोलणाऱ्याला अडीच मिनिटं, तक्ते करणाऱ्याला दोन, आणि अहवाल लिहिणारीला निष्कर्षासाठी दीड.

प्रश्नही आधीच वाटून घ्या: वजनाचा प्रश्न तोलणाऱ्याकडे, आकड्यांचा तक्तेवाल्याकडे. नाहीतर धीट मुलगाच सगळी उत्तरं देतो आणि बाकीच्यांनी काही केलंच नाही, असं सरांना वाटतं.

आदल्या दिवशी घड्याळ लावून तालीम करा. प्रत्येकाने शेजाऱ्याचा भाग एकदा बोलून पाहावा. जो अडखळेल, त्याला तो भाग कळलेला नाही.