रकान्याची रेघ आणि ज्वारीची शिरोरेषा

हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्याचा खालचा भाग म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. १९७१च्या अधिकार अभिलेख नियमांनी ठरवून दिलेला हा तक्ता. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर होते, हे तलाठ्याने वर्षानुवर्षे त्यात हाताने भरलेले असते. २०२१पासून शेतकरी ही नोंद मोबाइलवर करू लागले. संगणकीकरणाआधीच्या दशकांची शेती मात्र या कागदांवरच आहे. एखाद्या तालुक्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन कधी आले, हे गटागटाने पाहायचे असेल तर या पानांची स्कॅन केलेली चित्रे संगणकाला वाचता यायला हवीत.

पहिली अडचण अक्षर ओळखण्याची वाटते, पण ती त्याच्याही आधी येते. पानावर दोन प्रकारची अक्षरे एकमेकांत मिसळलेली असतात. ‘जलसिंचित’, ‘अजलसिंचित’, ‘जमीन करणाराचे नाव’ ही छापील शीर्षके, त्यांच्याखाली रकान्यांचे छापील क्रमांक, रेघा, आणि या सगळ्यावरून गेलेला तलाठ्याचा हात. हे वेगळे केले नाही, तर रकान्याचा छापील क्रमांक ‘५’ हे पाच हेक्टर क्षेत्र म्हणून नोंदले जाते.

अक्षराच्या आकारावरून छापील कोणते आणि हाताचे कोणते हे ठरवता येते. छापील अक्षरांची उंची सारखी, ओळ सरळ, रेषेची जाडी एकसारखी असते. पण ठसठशीत, गोल अक्षर काढणारे तलाठी कमी नव्हते आणि शाई फुटलेली स्वस्त छपाईही कमी नव्हती. माझ्या मते जागेवर जास्त भरवसा ठेवावा. छापील मजकूर प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी असतो, हाताचा मजकूर दर पानाला बदलतो. एकाच छपाईची ४० पाने पारदर्शक आहेत असे समजून एकावर एक रचून उजेडासमोर धरली तर शीर्षके गडद दिसतील आणि नोंदींचा नुसता करडा धुरळा उरेल. संगणक हेच ठिपक्याठिपक्याने करतो. एखादा ठिपका ४०पैकी ३५ पानांवर काळा असेल तर तो छापील, तीन-चार पानांवरच असेल तर हाताचा. कोरा फॉर्म हाती नसला तरी तो असा भरलेल्या पानांतूनच मिळवता येतो.

त्यासाठी पाने एकमेकांवर नेमकी बसावी लागतात. तीस सेंटिमीटर रुंदीचे पान स्कॅनरवर फक्त एक अंशाने तिरके पडले, तर त्याचे दुसरे टोक पाच मिलिमीटरहून थोडे जास्त सरकते. इंचाला ३०० ठिपके या दराने हे ६० ठिपक्यांहून अधिक होतात आणि छापील रेघ असते जेमतेम चार-पाच ठिपके जाड. म्हणून आधी रेघांचे छेदबिंदू शोधायचे आणि ते जुळवून पान फिरवायचे, ताणायचे. दमट हवेत राहिलेला कागद सगळीकडे सारखा ताणला जात नाही, त्यामुळे पानाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसवणे बरे. जुळणी बिघडल्याचे ओळखण्याची खूण सोपी आहे. शीर्षकांच्या पट्ट्यात तलाठी काही लिहीत नाही, म्हणून पानातून कोरा फॉर्म वजा केल्यावर तिथे शाई जवळजवळ उरायला नको. तिथे अक्षरांच्या कडांचे बारीक काळे काप उरले, तर खालच्या आकड्यांकडे वळण्याआधी जुळणी पुन्हा करावी. मिळवलेल्या कोऱ्या फॉर्मातच शीर्षके दुहेरी दिसली, तर गठ्ठ्यात दोन वेगळ्या छपाया मिसळल्या आहेत.

खरी कसोटी रेघांवर लागते, आणि इथे आपली लिपी वेगळी वागते. तक्त्यातल्या रेघा काढण्याची रूढ पद्धत अशी की, ठरावीक लांबीपेक्षा लांब आडवी काळी पट्टी दिसली की ती पुसायची. रोमन लिपीत हे बरेचसे निभते, कारण अक्षरांत इतक्या लांब आडव्या रेषा क्वचितच येतात. ‘सोयाबीन’ लिहिताना मात्र दोन सेंटिमीटरची शिरोरेषा सहज ओढली जाते. एक सेंटिमीटरची मर्यादा ठेवली तर रकान्याच्या रेघेबरोबर तीही जाते. त्यात आपण अक्षरे रेघेला टांगून लिहितो. घाईत लिहिणारा तलाठी रकान्याची वरची रेघ हीच शिरोरेषा मानून ‘ज्वारी’ तिच्याखाली लटकवतो. रेघ सरसकट पुसली की अक्षरांचे माथे उडतात आणि मागे काने, गाठी, सुटे तुकडे उरतात.

म्हणून आकार पाहून रेघ पुसू नये. कोऱ्या फॉर्मात जिथे रेघ आहे तिथलीच, तिच्या जाडीइतकीच शाई वजा करावी. रेघ चार ठिपके जाड असेल आणि ‘ज्वारी’च्या वर शाई नऊ ठिपके जाड असेल, तर जास्तीचे पाच ठिपके हाताचे, ते राखायचे. उभा काना रेघ ओलांडून गेला असेल तर रेघेच्या वर आणि खाली शाई समोरासमोर सापडते. मधली फट तेवढ्यापुरती भरून घ्यायची. तलाठ्याने शिरोरेषा दिलीच नसेल आणि छापील रेघेवरच भागवले असेल, तर पुसलेले कोणत्याच हिशेबाने परत येत नाही. अशा शब्दापुरती रेघ तशीच ठेवून वाचणे मला अधिक योग्य वाटते.

स्कॅन रंगीत असेल तर पुष्कळ सोपे होते. निळ्या बॉलपेनची शाई लाल प्रकाश शोषते आणि निळा परत पाठवते, छपाईची काळी शाई दोन्ही शोषते. चित्राचा लाल थर आणि निळा थर यांतला फरक घेतला की निळे अक्षर उरते आणि छपाई विरते. अमेरिकेच्या आयकर खात्याने काही फॉर्म याच तत्त्वावर, उलट्या बाजूने आखले आहेत. तिथे छपाईच खास लाल शाईत असते, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला ती दिसू नये. आपले जुने कागद काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेले असतील तर हा मार्ग बंद होतो, म्हणून नव्याने स्कॅन करणाऱ्याने रंग राखावा.

आता एक नोंद घेऊ. गटाचे लागवडीयोग्य क्षेत्र १.२० हेक्टर, खरिपात निर्भेळ ज्वारी ०.८० आणि तूर ०.४०, दोन्ही अजलसिंचित. वजाबाकीनंतर पानावर धुळीचे कण उरतात आणि ते झाडायला लहान ठिपके पुसतात. बॉलपेनचा दशांशबिंदूही अर्ध्या मिलिमीटरचाच, तो त्या झाडणीत जातो. ०.४०चे ०४० होते आणि ४० आर तूर ४० हेक्टर होऊन बसते. ‘तूर’चा ऊकार खालच्या ओळीत उतरतो. शाईचे तुकडे नुसते चौकटीच्या सीमेवर कापले तर इथे ‘तर’ उरते आणि खालच्या पिकाच्या डोक्यावर अनाहूत खूण येते. प्रत्येक तुकड्याची बहुतांश शाई ज्या चौकटीत आहे, तिथे तो अख्खा द्यावा. सुटा अनुस्वार मात्र जवळच्या अक्षराबरोबर न्यावा, नाहीतर तो वरच्या ओळीत राहतो.

वेगळी केलेली छापील शीर्षके टाकून देऊन चालत नाही. नमुना बारात ‘अजलसिंचित’ तीनदा येते: मिश्र पिकांत, घटक पिकांत आणि निर्भेळ पिकांत. म्हणून ०.४० या आकड्याला वरपासून खालपर्यंत सगळी शीर्षके जोडावी लागतात, निर्भेळ पिकाखालील क्षेत्र, त्यात अजलसिंचित. मग पडताळा घेता येतो. ०.८० अधिक ०.४० म्हणजे १.२०, नमुना सातमधल्या क्षेत्राइतके. ४० हेक्टर आले तर बेरीज क्षेत्राच्या कैक पट जाते, आणि ते पान माणसाकडे पाठवायचे असते. तपासणाऱ्याला वजाबाकी केलेले चित्र आणि मूळ पान शेजारी शेजारी दाखवावे, कारण बिंदू गेला असेल तर तो मूळ पानावरच सापडतो.