भाड्याने दिलेले बँक खाते

‘खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा आणि दोन टक्के ठेवा’ असे काम टेलिग्रामवर किंवा ओळखीतून देऊ केले जाते. असे खाते ‘म्यूल खाते’ म्हणून ओळखले जाते. त्यात येणारी रक्कम बहुधा सायबर फसवणुकीतली असते.

समजा, एका विद्यार्थ्याच्या खात्यात १ लाख रुपये जमा झाले. २,००० ठेवून त्याने ९८,००० रुपये सांगितलेल्या तीन खात्यांत पाठवले. तिथून ते काही मिनिटांत रोखीने किंवा क्रिप्टोत निघून जातात. फसलेली व्यक्ती १९३० वर तक्रार करते, तेव्हा पैशाच्या मागावर पहिले नाव या विद्यार्थ्याचे लागते. बँक खाते गोठवू शकते आणि त्यातली त्याची स्वतःची शिल्लकही अडकते. मिळाले २,०००, पण चौकशी पूर्ण लाखाची होते. पैसा गुन्ह्यातला असल्याचे ठाऊक होते असे दिसल्यास मनी लाँडरिंगचा गुन्हाही लागू शकतो.

एटीएम कार्ड, सिमकार्ड किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड मागणे ही ठळक खूण. अनोळखी रक्कम आलीच, तर ती पुढे न पाठवता बँकेला लेखी कळवावे.