फुललेल्या झाडांवरून छायाचित्राचा स्थलनिर्णय

एका कुटुंबाच्या संग्रहांतील एक रंगीत छायाचित्र अलीकडे आमच्याकडे निर्णयासाठीं आलें. एका बैठ्या घराची ओसरी, तिच्या पायरीवर उभें असलेलें एक लहान मूल, मागें लालभडक फुललेला गुलमोहर. पाठीवर मुलाचें नांव आहे, परंतु स्थळ व तिथि नाहीं. हें घर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील त्यांचें पुढें पडलेलें मूळ घर, व गुलमोहर फुलला आहे त्या अर्थीं महिना वैशाखाचा, असें घरच्यांचें म्हणणें. मूळ घराचें दुसरें चित्र उपलब्ध नसल्यानें तें तसेंच छापावें अशी त्यांची इच्छा होती. मात्र या कुटुंबाची एक शाखा मॉरिशसमध्यें राहते, ही गोष्ट आम्हांस दुर्लक्षितां येईना.

प्रथम झाड कोणतें हें ठरवावें लागतें. पळस, पांगारा व सांवर हींही लाल फुलतात, पण तीं माघ-फाल्गुनांत, बहुधा निष्पर्ण असतांना. गुलमोहराचा विस्तार छत्रीसारखा पसरट, पानें पिसांसारखीं बारीक, आणि गतवर्षाच्या लांब काळ्या शेंगा पुष्कळदां फांद्यांवर लोंबत असतात. आमच्या चित्रांत अशा शेंगा स्पष्ट होत्या. जुन्या कृष्णधवल चित्रांत ही परीक्षा अवघड होते. ज्या जुन्या कांचांना व फितींना लाल रंग जाणवत नसे, त्यांवर गुलमोहराचीं फुलें पानांइतकींच काळीं उमटत; उलट जॅकरंडाचीं निळीं-जांभळीं फुलें फिकीं पांढुरकीं दिसत. अशा चित्रांत फूल दिसत नाहीं म्हणून तें नव्हतेंच, असें म्हणतां येत नाहीं.

झाड ओळखलें म्हणजे महिना कळला असें मात्र नव्हे. फुलावरून एक महिना मिळत नसून स्थळ व महिना यांच्या जोड्या मिळतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. महाराष्ट्रांत तो एप्रिल ते जून या काळांत फुलतो; विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतु उलटे असल्यामुळें मॉरिशसमध्यें त्याचा बहर नोव्हेंबर ते जानेवारींत येतो. जॅकरंडा मेक्सिको शहरांत फेब्रुवारी ते एप्रिल, तर दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरियांत ऑक्टोबर-नोव्हेंबरांत फुलतो. चेरीचें तर एकाच गोलार्धांत असें होतें: टोकियोची कलमी चेरी मार्चअखेर फुलते, पण शिलाँगकडील रानटी चेरी नोव्हेंबरांत. ती जात वेगळी आहे; छायाचित्रांत तें सहज ध्यानांत येत नाहीं, इतकेंच.

सबब आमच्यापुढें दोन जोड्या उरल्या: कोंकण व मे, किंवा मॉरिशस व नोव्हेंबर ते जानेवारी. सावलीवरून निवाडा होईल असें आम्हांस वाटलें होतें, पण तें फसलें. मे महिन्यांत कोंकणांत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि डिसेंबरांत मॉरिशसमध्येंही तसाच. ओसरीवरील टोपलींतल्या आंब्यांनींही कांहीं सिद्ध होईना, कारण तिकडे आंबा त्याच सुमारास पिकूं लागतो. निसर्गांतील जें जें ऋतूबरोबर फिरतें, तें तें दोन्हीकडे जुळतें. निवाडा करण्यास ऋतूशीं न फिरणारी, पंचांगाला बांधलेली अशी खूण हवी.

ती ओसरीच्या कठड्यावर सांपडली. तेथें दिवसाउजेडीं मांडलेल्या न पेटविलेल्या पणत्यांची ओळ होती, व पायरीखालीं रांगोळी. ही दिवाळी होय. दिवाळींत कोंकणांतला गुलमोहर हिरवा असतो; पावसानंतर एखादा चुकार घोस दिसल्यास नवल नाहीं, पण सबंध माथा लाल होत नाहीं. चित्रांतील माथा अर्ध्याहून अधिक लाल होता. म्हणजे कोंकण बाद झालें.

आतां वर्ष. मुलाचा जन्म १९७३ च्या ऑगस्टांतला हें घरांतील कागदांवरून निश्चित आहे. चित्रांत तें आधाराशिवाय उभें आहे, पण दोन-अडीच वर्षांचें दिसत नाहीं. १९७३ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. तेव्हां मूल तान्हें होतें. १९७४ चें लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरास आलें. त्या वेळीं मूल पंधरा महिन्यांचें. १९७५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभींची, व तोंवर मूल सव्वादोन वर्षांचें होतें. उशीरा आलेली दिवाळी, चांगला लागलेला बहर आणि मुलाचें वय या तिन्ही गोष्टी १९७४ सालींच एकत्र येतात.

बहराचा आरंभ पाऊस व उष्णता यांप्रमाणें दोन-तीन आठवडे मागेंपुढें होतो, यास्तव केवळ फुलावरून आम्ही आठवडा सांगितला नसता. येथें तो पणत्यांनीं सांगितला. वयाचा अंदाजही डोळ्यांचा आहे, आणि मूल खुरटलेलें असल्यास १९७५ साल अगदींच अशक्य नाहीं. पण स्थळाविषयीं आम्हांस शंका उरली नाहीं. कुटुंबास तसें कळविलें. मूळ घराचें म्हणून तें चित्र छापावयाचें राहिलें. त्या घराचें चित्र अद्याप मिळालेलें नाहीं.