दस्तऐवज ठेवून गहाण : खाजगी कर्जातील तारण आणि वसुली

घराचे खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज घेण्याची पद्धत ग्राहकांच्या परिचयाची आहे. यालाच इक्विटेबल मॉर्गेज असे म्हणतात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला दिलेल्या खाजगी कर्जासाठीही असे गहाण करता येते. मात्र वसुलीची वेळ आली की बँक आणि खाजगी धनको यांचे मार्ग वेगळे होतात. जयपूरमधील एका काल्पनिक व्यवहारावरून हे स्पष्ट होईल.

समजा, जयपूरच्या एका व्यापाऱ्याने परिचिताला २०२३ च्या जूनमध्ये १५ लाख रुपये, द.सा.द.शे. १२ सरळव्याजाने, दोन वर्षांसाठी धनादेशाद्वारे दिले. ऋणकोने वचनचिठ्ठी लिहून दिली व मानसरोवर वसाहतीतील आपल्या घराचे मूळ दस्तऐवज धनकोच्या हाती सोपविले.

गहाण केव्हा सिद्ध होते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ (फ) नुसार तीन गोष्टी आवश्यक आहेत : कर्ज, मालकी हक्काच्या दस्तऐवजांची ठेव आणि ते तारण म्हणूनच ठेवल्याचा हेतू. १९६४ मध्ये के. जे. नाथन विरुद्ध एस. व्ही. मारुती राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तीन गोष्टींवर भर दिला. ही ठेव मुंबई, कोलकाता, चेन्नई किंवा राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या शहरात व्हावी लागते. जयपूर हे असे एक शहर आहे. मालमत्ता मात्र अन्यत्र असली तरी चालते.

वाद उद्भवतो तो बहुधा हेतूविषयी. “कागद केवळ सांभाळण्यासाठी दिले होते,” असे ऋणको पुढे म्हणू शकतो. म्हणून दस्तऐवज स्वीकारल्यानंतर, सामान्यतः दुसऱ्या दिवशी, ‘अमुक तारखेस, जयपूर येथे, अमुक कर्जाच्या तारणासाठी हे दस्तऐवज ठेवले’ अशी भूतकाळातील नोंद करण्याची पद्धत आहे. ही नोंद झालेल्या व्यवहाराची केवळ आठवण असावी. त्याच कागदाने गहाणाचा करार निर्माण होत असेल, तर त्याची नोंदणी आवश्यक ठरते आणि नोंदणीअभावी तो पुराव्यात घेतला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रछपाल महाराज विरुद्ध भगवानदास दारुका या खटल्यात हा भेद स्पष्ट केला आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणीविषयीचे राज्याचे चालू नियम व्यवहारापूर्वीच उपनिबंधक कार्यालयात पाहून घ्यावेत.

दस्तऐवज मूळ आहेत का, हेही तपासावे. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असेल आणि एकट्या पतीने कागद ठेवले असतील, तर पत्नीचा हिस्सा बांधला जात नाही. ‘मूळ प्रत हरवली’ असे सांगून प्रमाणित नक्कल पुढे केली जात असेल, तर मूळ प्रत दुसऱ्या धनकोकडे असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

वसुलीचा मार्ग

वरील उदाहरणात जून २०२५ मध्ये मुदत संपली आणि ऋणकोने काहीच भरले नाही. मुद्दल १५ लाख व व्याज ३ लाख ६० हजार, असे १८ लाख ६० हजार रुपये येणे झाले. सरफेसी कायदा, २००२ ने बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. खाजगी धनकोला तो नाही. घराला कुलूप लावणे वा परस्पर विक्री करणे त्याला मुळीच शक्य नाही. या गहाणाला साध्या गहाणाचेच नियम लागू असल्याने घर आपल्या नावावर करून मागण्याचाही हक्क त्याला नाही. त्याने मालमत्ता ज्या न्यायालयाच्या क्षेत्रात आहे तेथे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३४ अन्वये, विक्रीसाठी दावा दाखल करावा लागतो.

न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा देते. त्यात येणे रक्कम निश्चित होते व भरण्यासाठी सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. ती टळल्यास अंतिम हुकूमनामा होऊन घराचा लिलाव होतो. विक्री कायम होईपर्यंत ऋणको सर्व रक्कम व खर्च भरून घर सोडवू शकतो. खर्च व पुढील व्याज धरून येणे २० लाख झाले आणि घर २५ लाखांस विकले गेले, तर उरलेले ५ लाख ऋणकोचे असतात.

लिलावात १७ लाखच आले, तर ३ लाखांची तूट ऋणकोकडून वैयक्तिकरीत्या मागता येते. पण येथे मुदतीचा प्रश्न येतो. गहाण मालमत्तेविरुद्धच्या दाव्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षे आहे, तर वैयक्तिक येण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे. म्हणून आपल्या धनकोने जून २०२८ पूर्वी दावा लावल्यास दोन्ही हक्क शाबूत राहतात. त्यानंतर घर हाती राहील, तूट मात्र बुडण्याची भीती असते.

सावकारी हाच व्यवसाय असल्यास परवानाही आवश्यक असतो. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास न्यायालयातून हुकूमनामा मिळत नाही.