चारशे कोटी नंबर, चाळीस तास

भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि तो 6, 7, 8 किंवा 9 नेच सुरू होतो. म्हणजे पहिल्या जागेसाठी चार पर्याय आणि उरलेल्या नऊ जागांसाठी प्रत्येकी दहा. गुणाकार केला की येतात 400 कोटी. तुमचा, माझा, शेजारच्यांचा, अजून कुणालाच न मिळालेला असा प्रत्येक नंबर या 400 कोटींत आधीच बसलेला आहे. आपल्याला हा आकडा अफाट वाटतो. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये दाखवून दिलं की संगणकाला तो अजिबात अफाट नाही. ‘हा नंबर तुमच्याकडे आहे का?’ असं व्हॉट्सअ‍ॅपला त्यांना तासाला दहा कोटींहून जास्त नंबरांबद्दल विचारता येत होतं. त्या वेगाने भारताचे सगळे शक्य नंबर चाळीस तासांत विचारून संपतात! जगभरातली मिळून सुमारे 350 कोटी खाती त्यांना अशी सापडली, आणि त्यांतली जवळजवळ 75 कोटी भारतातली होती. त्यांनी कंपनीला कळवलं, आणि मग कंपनीने या विचारण्याच्या वेगाला लगाम घातला. गोळा केलेली माहितीही त्यांनी पुसून टाकली.

हे एकदा लक्षात आलं की ‘माझा नंबर लीक झालाय का?’ या प्रश्नाचा रोखच बदलतो. नुसता नंबर कधी गुपित नव्हताच. तो कुणीही मोजत मोजत गाठू शकतो. लीक होते ती जोडणी. या दहा अंकांमागे हे नाव, हा पत्ता, ही जन्मतारीख, ही खरेदी. तपासायची ती ही जोडणी, आणि नंतर जे काही करायचं तेही तिच्याबाबत.

या जोडणीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे एप्रिल 2021 मध्ये उघड्यावर आलेला फेसबुकचा साठा. 106 देशांतल्या 53 कोटींहून जास्त लोकांचे नंबर, नावं आणि प्रोफाइलचे क्रमांक त्यात होते. भारतातले लोक सुमारे साठ लाख. मला यात थक्क करते ती गोष्ट अशी की हे करायला कुणी कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. फेसबुकवर एक सोय होती: फोनमधली संपर्कयादी चढवा, आम्ही त्यातले ओळखीचे लोक शोधून देतो. कुणीतरी ओळखीच्या लोकांच्या यादीऐवजी अंकांच्या लांबच लांब रांगाच चढवल्या, आणि फेसबुकने इमानदारीने प्रत्येक नंबराचा मालक दाखवला. ही वाट सप्टेंबर 2019 पर्यंत बंद झाली होती, असं कंपनीने नंतर सांगितलं. म्हणजे माहिती गेल्यापासून ती सगळ्यांसमोर येईपर्यंत किमान दीड वर्ष लोटलं होतं.

आता तपासण्याकडे येऊ. ट्रॉय हंट हा ऑस्ट्रेलियातला सुरक्षातज्ज्ञ 2013 पासून haveibeenpwned.com ही साइट चालवतो. लीक झालेले साठे तो मिळवतो, पडताळतो आणि आपला ईमेल त्यात आहे का हे कुणालाही फुकट पाहू देतो. फोन नंबरवरून शोध द्यायला तो बरीच वर्षं तयार नव्हता, आणि त्याचं कारण सरळ होतं. ईमेलमध्ये @ असतो, त्यामुळे कसल्याही पसाऱ्यातून तो अचूक वेचता येतो. नंबर मात्र कुठे शून्य लावून, कुठे +91 लावून, कुठे मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलेला असतो, आणि तो नंबर आहे की बिलाचा क्रमांक हेही कधी कळत नाही. फेसबुकच्या साठ्याने त्याला मत बदलायला लावलं. त्यात नंबर 50 कोटींहून जास्त होते, तेही सगळे देशाच्या क्रमांकासह एकसारखे लिहिलेले; ईमेल मात्र अवघे 25 लाखांच्या आसपास. नुसत्या ईमेलवर शोध ठेवला असता तर साठ्यात असलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना ‘तुम्ही यात नाही’ असं चुकीचं उत्तर मिळालं असतं. म्हणून त्याने तेव्हा नंबराचा शोध सुरू केला.

मे 2025 मध्ये ती साइट नव्याने बांधली गेली आणि पहिल्या पानावरचा नंबराचा शोध काढून टाकण्यात आला. त्यामुळे आज नंबरापर्यंत वळसा घेऊनच पोचावं लागतं. आपला ईमेल तिथे टाकायचा आणि जे साठे दिसतील त्या प्रत्येकाखालची Compromised data ही यादी वाचायची. त्यात Phone numbers असेल तर त्या खात्याला तुम्ही तेव्हा दिलेला नंबर तुमच्या नावासह बाहेर आहे असं धरून चालावं. जुने ईमेलही तपासा. दहा वर्षांपूर्वीच्या खात्याला बहुधा जुनाच ईमेल जोडलेला असतो.

समजा, पुण्यातल्या एका बाईंनी असा ईमेल टाकला आणि यादीत Domino's India दिसलं. हा साठा 2021 चा आहे: सव्वादोन कोटी ईमेल, आणि त्यांच्यासोबत नावं, नंबर, घरचे पत्ते आणि ऑर्डरींचा इतिहास. याच साठ्याच्या बाबतीत एक भीषण गोष्ट घडली होती. ज्यांच्या हाती तो पडला, त्यांनी मे 2021 मध्ये त्यावर स्वतःचंच एक शोधपान उघडलं. कुणाचाही नंबर टाका, त्याच्या ऑर्डरी आणि त्या कुठे पोचवल्या ते समोर! म्हणून ‘तुमचा नंबर लीक झालाय का पाहा’ असं म्हणणाऱ्या अनोळखी पानावर नंबर टाकू नये. तिथे तुम्ही माहिती घेत नसता, देत असता. हा नंबर चालू आहे आणि त्याचा मालक धास्तावलेला आहे, एवढं कळणंही विकण्यासारखं असतं.

मग असं विचारता येणार नाही का, की विचारणाऱ्याला उत्तर मिळेल पण साइटला नंबर कळणार नाही? पासवर्डच्या बाबतीत हे जमतं. haveibeenpwned वर पासवर्ड तपासताना तुमचा ब्राउझर आधी त्याचा हॅश काढतो, म्हणजे गणिताने त्याचं चाळीस चिन्हांचं एक न उलटणारं रूप बनवतो, आणि त्यातली फक्त पहिली पाच चिन्हं पाठवतो. साइट त्या पाचांनी सुरू होणारे तिच्याकडचे सगळे हॅश परत पाठवते आणि जुळणी तुमच्याच यंत्रावर होते. फार देखणी युक्ती आहे ही. पण नंबराच्या हॅशमध्ये तसा दम नसतो, कारण शक्यताच 400 कोटी. खेळांसाठीचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं, त्यामुळे सगळ्या नंबरांचे हॅश काही सेकंदांत काढून ठेवता येतात आणि कुठलाही हॅश पाहून मूळ नंबर सांगता येतो. म्हणून कुणी ‘तुमचा नंबर आम्ही फक्त हॅश करून ठेवतो’ असं सांगितलं तर त्या वाक्यावर फार विसंबू नये.

पुण्याच्या बाईंकडे परत येऊ. यादी वाचून बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो नंबर बदलण्याचा, आणि माझ्या मते तोच टाळायला हवा. भारतात बंद केलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. बँक, आधार, डीमॅट, गॅस, मुलांची शाळा या सगळ्यांकडे जुना नंबर असतो. त्यातलं एक जरी बदलायचं राहिलं तरी त्याचा ओटीपी पुढे अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतो. नंबर ठेवावा आणि त्याच्यावर टाकलेली कामं कमी करावीत.

सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. तिथे एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी लावावी. बँका बहुतेक वेळा एसएमएसच पाठवतात, तिथे आपल्या हाती फार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावून ठेवावा. मग कुणी ओटीपी मिळवला तरी पिनशिवाय खातं त्याच्या फोनवर सुरू होत नाही. प्रोफाइलचा फोटो फक्त संपर्कयादीतल्या लोकांना दिसेल असा ठेवावा. व्हिएन्नाच्या संशोधकांना निम्म्याहून जास्त खात्यांचे फोटो असेच उघडे मिळाले होते. आणि यूपीआयचं विसरू नये. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की बँकेतलं नाव दिसतं. ती सोय चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून आहे, पण नंबरावरून नाव शोधणाऱ्यालाही ती तितकीच उपयोगी पडते. निदान अनोळखी ठिकाणी द्यायला नंबर नसलेला यूपीआय आयडी तयार करून घ्यावा.

पत्ता मात्र परत आत घेता येत नाही. म्हणून या बाईंनी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी: फोनवरच्या माणसाने पूर्ण नाव, सोसायटी, फ्लॅट क्रमांक आणि मागे काय मागवलं होतं ते सांगितलं, तरी त्यावरून तो बँकेचा किंवा कुरिअरचा ठरत नाही. त्याने फक्त 2021 ची एक ओळ वाचून दाखवली आहे. फोन ठेवून कार्डामागच्या क्रमांकावर आपणच बँकेला फोन लावावा.

सगळ्यात गंभीर शक्यता म्हणजे या माहितीच्या जोरावर तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं जाणं. त्याची खूण ठळक असते: तुमच्या फोनची रेंज अचानक जाते आणि शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन मात्र व्यवस्थित चालतो. अशा वेळी रेंज येण्याची वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सिम बंद करायला सांगावं, मग बँकेला खातं गोठवायला. नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवायचा आदेश दूरसंचार विभागाने 2022 मध्ये दिला तो नेमका यासाठी. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आली तरच ती सापडते. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते sancharsaathi.gov.in वर पाहता येतं, आणि जे तुमचं नाही ते तिथूनच कळवता येतं.

शोधात काहीच दिसलं नाही, तर त्याचा अर्थ इतकाच की आजवर त्या साइटच्या हाती लागलेल्या साठ्यांत तुमचा ईमेल नाही. फेसबुकच्या साठ्यातले लोक 2020 मध्येही असेच निर्धास्त होते, आणि व्हिएन्नाच्या चाचणीत त्यांतले जवळजवळ निम्मे नंबर अजून व्हॉट्सअ‍ॅपवर चालू निघाले. म्हणून त्याच साइटवर सूचना मिळण्यासाठी ईमेलची नोंद करून ठेवावी. नवा साठा दाखल झाला आणि त्यात तुम्ही असलात, की पत्र आपोआप येतं.