रिमोटमधला पांढरा भुगा

टीव्हीचा रिमोट बंद पडला म्हणून मागचं झाकण उघडावं, तर स्प्रिंगवर पांढरा भुगा! अल्कलाइन सेल पूर्ण उतरला, की आत हायड्रोजन वायू साठतो, सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा हा भुगा बनतो.

भुगा फुंकू नये. ओलसर द्राव त्वचा भाजतो, डोळ्यांना तर फारच घातक. म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात गेलाच, तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

अनेक जण सवयीने खायचा सोडा शोधतात. पण तो आम्लासाठी. इथे गळालेला पदार्थच अल्कली आहे. कानकाडी व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून स्प्रिंगवर टेकवली, की बारीक फेस येतो. फेस थांबेपर्यंत काड्या बदलत राहाव्यात. नंतर पाण्याने ओलसर केलेली काडी फिरवावी, नाहीतर उरलेलं व्हिनेगरच धातू खातं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावं.

तरीही स्प्रिंग काळपट दिसली, तर बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवावा. जोर लावला तर निकेलचा मुलामा निघतो आणि गंज लवकर चढतो. नवे सेल घालूनही रिमोट मुका राहिला, तर द्राव बहुधा सर्किटपर्यंत झिरपलेला असतो.